माई, पोचलो बरं का!

संध्याकाळचे सात वाजलेत. कुकरची दुसरी शिट्टी होते आणि ओट्यापाशी ठेवलेला फोन वाजतो. पडद्यावर नाव नाही, नुसता नंबर. बाई पदराला हात पुसतात आणि फोन उचलतात.

“हॅलो.”

“माई, पोचलो बरं का!”

“पोचलास? बरं झालं. केवढा उशीर केलास रे.”

“घाटात ट्रक बंद पडला होता. दोन तास एकाच जागी.”

“अगं बाई! जेवलास का मग?”

“आता बसतोय. माई, रमाकडची ती पावती तेवढी जपून ठेव हं.”

“कुठली रमा?”

इथे दोन्हीकडे शांतता. मग पलीकडून, जरा घाबरून, “तुम्ही माई नाही का?”

“माईच आहे. पण तुझी नाही.”

हा संवाद नमुन्यादाखल रचलेला आहे, पण असा एखादा फोन ज्या घरात आलेला नाही असं घर शोधावं लागेल. या माईंचा पुतण्या त्याच दिवशी गाडीने निघाला होता, तोही त्यांना माईच म्हणतो, आणि पोचल्यावर फोन करायचं त्याने कबूल केलं होतं. सगळं जुळून आलं. रमा मध्ये आली नसती, तर जेवणाचा बेतही सांगून झाला असता.

चूक कुठे झाली? सरळ उत्तर असं की पोराने नंबर चुकवला. खरं आहे, पण त्या चुकीने फक्त फोन भलत्या घरी नेला. पुढचं सगळं बोलणं दोघांनी मिळून उभं केलं, आणि त्याचा पाया माईंच्या दुसऱ्या वाक्यात आहे. “पोचलास?” हा एक शब्द उच्चारताच त्यांनी समोरच्याने दिलेली ओळख स्वीकारली होती.

फोनवरच्या बोलण्याची पहिली चार-पाच वाक्यं किती काटेकोर असतात याचा शोध अमेरिकेत १९६० च्या दशकात सुरू झाला. इमॅन्युएल शेग्लॉफ या समाजशास्त्रज्ञाने एका पोलीस खात्याकडच्या सुमारे ५०० फोन-संभाषणांच्या ध्वनिफिती घेतल्या आणि फोन उचलल्यावर आधी कोण बोलतं एवढंच तपासायला घेतलं. उचलणारा आधी बोलतो, हा नियम जवळजवळ सगळीकडे लागू पडला. एकच संभाषण आडवं गेलं. त्यात उचलणारा गप्प राहिला आणि फोन करणाऱ्यालाच आधी “हॅलो” म्हणावं लागलं. दुसऱ्या कुणी पाचशेत एक म्हणून ते बाजूला ठेवलं असतं. शेग्लॉफ त्या एकापाशीच थांबला आणि त्याने आपला नियम पुन्हा मांडला. फोनची घंटा हीच मुळात पहिली हाक आहे. उचलणाऱ्याचं “हॅलो” ही त्या हाकेला दिलेली ओ. ओ मिळाली नाही की माणूस पुन्हा हाक मारतो, तसाच तो फोन करणारा “हॅलो” म्हणाला. हे विवेचन १९६८ साली प्रसिद्ध झालं.

पुढे १९७९ मध्ये शेग्लॉफनेच सुमारे ४५० फोनच्या सुरुवाती तपासल्या. या वेळी त्याला पाहायचं होतं की आवाजाखेरीज काहीच हाती नसताना माणसं एकमेकांना ओळखतात कशी. त्याच्या म्हणण्याप्रमाणे उचलणाऱ्याचं “हॅलो” हा आवाजाचा नमुनाही असतो, कापडाच्या दुकानात तुकडा दाखवतात तसा. तेवढ्या तुकड्यावर फोन करणारा ठरवतो की समोर आपलं माणूस आहे. मग तो स्वतःचं नाव सांगत नाही. नुसतं “हाय” म्हणतो आणि आपल्या आवाजाचा तुकडा पुढे करतो. त्याचा अर्थ असा, की मी तुला ओळखलं, आता तू मला ओळख. उलट “हाय” आलं की ओळख पटली असं दोघंही धरून चालतात. जवळच्या माणसाला नाव सांगावं लागणं हा थोडा कमीपणाच वाटतो.

मराठी माणसाला हे शिकवायला अमेरिकेतल्या अभ्यासाची गरज नव्हती म्हणा. “ओळखलं का?” हा प्रश्न आपल्याकडे लग्नाच्या मांडवापासून फोनपर्यंत सगळीकडे भिरभिरत असतो. तो विचारणारा नाव मुद्दाम दाबून ठेवतो आणि “नाही ओळखलं” म्हणणाऱ्याला अपराधी वाटतं. मग माणूस “हो हो, ओळखलं ना, कसा आहेस?” असं म्हणून वेळ मारून नेतो आणि पुढची पाच मिनिटं सुगावा शोधत बसतो.

मराठीत याहून मोठी एक अडचण आहे. अमेरिकेत फोन करणारा “चार्ली?” असं म्हणाला आणि समोर चार्ली नसेल, तर गाडी तिथेच थांबते. नाव भलत्या माणसाला बसत नाही. आपण मात्र मोठ्यांना नावाने हाक मारत नाही. माई, काका, वहिनी, ताई, अण्णा, बापू. हे शब्द शेकडो घरांत जसेच्या तसे बसतात. सांगलीतल्या कुठल्याही पन्नाशीच्या बाईला “काकू, नमस्कार” म्हणा, ती नमस्कारच म्हणेल. हाक चुकीच्या माणसाला मारली गेली आहे हे त्या हाकेवरून कळायला मार्गच नाही.

त्यातून आवाजावर भरवसा ठेवावा, तर तोही फोनवर अर्धाच येतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो या पट्ट्याच्या खालीच राहतो. कानाला तो वरच्या स्वरांवरून जुळवून घ्यावा लागतो. वरच्या टोकाला स आणि फ यांना वेगळं करणारी सळसळही बरीचशी कापली जाते. शब्द कळायला एवढा पट्टा पुरतो, माणूस ओळखायला तोकडा पडतो. भाऊ-भाऊ, मायलेकी यांच्या आवाजांची फोनवर होणारी गल्लत यातूनच येते. आताच्या चांगल्या मोबाइल जोडणीत सुमारे ५० ते ७००० हर्ट्झ आवाज मिळतो आणि फरक कानाला जाणवतो. पण दोन्हीकडचे फोन आणि मधली जोडणी तशी असेल तरच.

आणि या सगळ्यावर विचार करायला वेळ किती? तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगातल्या १० भाषांमध्ये प्रश्न आणि उत्तर यांच्यातला अवकाश मोजला. सरासरी आली साधारण २०० मिलिसेकंद, एका सेकंदाचा पाचवा हिस्सा. एवढ्यात माणूस ओळखून, पडताळून मग उत्तर देणं होत नाही. नमस्काराला नमस्कार आणि “पोचलो”ला “पोचलास?” हे तोंडून आपसूक निघतं, ओळख पटवण्याचं काम मागून येतं. माईंचं तेच झालं.

आता उत्तराकडे येऊ. भलत्याच नात्याने हाक मारणारा फोन आला तर म्हणायचं काय?

सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तर म्हणजे “राँग नंबर”, आणि खटकन फोन ठेवणं. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. पलीकडच्या माणसाला कळत नाही की आपलं बोट चुकलं, की लिहून घेतलेला नंबरच चुकीचा आहे. तो काय करणार? तोच नंबर पुन्हा लावणार. मिनिटभरात दुसरा फोन येतो तो यामुळे. मग उचलणारा चिडतो, करणारा खजील होतो, आणि तिसऱ्या वेळी करणाराच “अहो, पण हा जाधवांचाच नंबर आहे!” म्हणून वाद घालतो.

दुसरं उत्तर “मी माई नाही, मी अमुक बोलतेय, आमचा नंबर तमुक.” हे फार सौजन्याचं आणि अगदी चुकीचं. आपलं नाव आणि नंबर अनोळखी माणसाच्या हाती देऊन झाला आणि त्याची चूक कुठे आहे ते अजून कळलेलं नाहीच.

कामाचं उत्तर दोन टप्प्यांत येतं. पहिला टप्पा म्हणजे नमस्कार न परतवता विचारायचं, “कोण पाहिजे आपल्याला?” किंवा नुसतं “कोण?” शेग्लॉफ, गेल जेफरसन आणि हार्वी सॅक्स यांनी १९७७ मध्ये बोलण्यातल्या दुरुस्त्यांवर एकत्र लिहिलं. त्यांना दिसलं ते असं, की दुसऱ्याची चूक माणसं सहसा थेट सुधारत नाहीत. आधी “काय?”, “कोण?” असं विचारून बोलणाऱ्यालाच ती सुधारायची संधी देतात. “कोण?” या प्रश्नाने हेच साधतं. फोन करणाऱ्याला दुसऱ्यांदा आवाज ऐकायला मिळतो, आणि बहुतेक वेळा तो स्वतःच चपापून म्हणतो, “अं... देशपांडेंकडे लागलाय ना?” आता नातं गेलं आणि आडनाव आलं. आडनाव पडताळता येतं.

तिथून दुसरा टप्पा. “तुम्ही कोणता नंबर लावलात?” नंबर त्याने सांगायचा, आपण फक्त हो किंवा नाही म्हणायचं. त्याने सांगितलेला नंबर आपला नसेल, तर लावताना बोट चुकलंय. “नाही, वेगळीकडे लागला, पुन्हा लावा,” एवढं पुरे. नंबर आपलाच निघाला तर मात्र स्पष्ट सांगायचं, “नंबर बरोबर लावलात, पण तो देशपांड्यांचा नाही. पुन्हा लावलात तरी इथेच येईल. त्यांच्याकडून नंबर तपासून घ्या.” हे शेवटचं वाक्य दुसरा फोन वाचवतं. हल्ली नंबर फोनमध्ये साठवलेला असतो, बोटाने दहा आकडे कुणी दाबत नाही. त्यामुळे चूक साठवतानाच झालेली असण्याचा संभव जास्त, आणि साठवलेली चूक शंभरदा लावली तरी त्याच घरी येते.

साठवताना आकडे चुकतात कसे, याचं एक अस्सल मराठी कारण आहे. आपण नंबर जोड्यांनी सांगतो आणि मराठीत एकक आधी बोललं जातं. पंचवीस म्हणताना कानावर आधी पाच येतो, मग वीस. लिहायचं मात्र २ आधी. घाईत लिहिणाऱ्याचं बोट ५ वर जातं आणि २५ चे ५२ होतात. त्यात बावीस आणि बावन्न, सत्तावीस आणि सत्तावन्न, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर यांची सुरुवात सारखी, शेपूट वेगळी, आणि फोनवर शेपूटच नीट ऐकू येत नाही. एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९, यावर तर चांगले शिकलेले लोकही क्षणभर अडखळतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला “वीस एक” असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा आणि वाद झाला. भाषेच्या अंगाने कुणाचं काहीही मत असो, फोनवर नंबर सांगताना “पाच, दोन” असे सुटे आकडे सांगणारा माणूस शहाणा.

बिचाऱ्या फोन नंबरला स्वतःची चूक पकडताही येत नाही. आधार क्रमांकाचे १२ आकडे असतात आणि त्यातला शेवटचा आकडा हा पहारेकरी असतो. आधीच्या ११ आकड्यांवरून एका ठरावीक रीतीने तो काढलेला असतो. ही रीत याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. एक आकडा बदलला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर हिशोब जुळत नाही आणि संगणक तो क्रमांक नाकारतो. २५ चे ५२ तिथे लगेच पकडले जातात. मोबाइलच्या दहा आकड्यांत असा पहारेकरी नाही. चुकलेला नंबरही बहुधा कुणाचा तरी खराखुरा नंबर असतो आणि तिथे कुणीतरी “हॅलो” म्हणायला बसलेलं असतं.

कधी कधी ना बोट चुकलेलं असतं ना वही. नंबर पूर्वी खरंच देशपांड्यांचा होता. त्यांनी तो सोडला आणि कंपनीने तो दुसऱ्याला दिला. भारतात बंद झालेला मोबाइल नंबर निदान ९० दिवस कुणाला देता येत नाही. पण नव्वद दिवसांत माणसाचे दूरचे नातेवाईक, दूधवाले, बँका आणि शाळेतले मित्र त्याला विसरत नाहीत. नवं सिमकार्ड घेतलेल्याला महिनोन्‌महिने कुणी ना कुणी “भाऊसाहेब” म्हणत राहतं. फोन करणारे वेगवेगळे आणि सगळे एकाच माणसाला शोधतायत, असं दिसलं की नंबर जुना वापरलेला आहे हे ओळखावं. बँकेचे संदेशही त्याच माणसाच्या नावे येत असतील तर शंका उरत नाही. अशा वेळी “राँग नंबर” म्हटलं तर पलीकडच्याला पटतच नाही, कारण त्याच्यापुरता तो राँग नाही. “हा नंबर आता माझ्याकडे आहे, त्यांनी सोडला,” हे वाक्य पटतं.

या प्रकारातली जगभर गाजलेली गोष्ट अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातली आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये मेसा शहरातल्या वांडा डेंच या आजींनी नातवाला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं बोलावणं धाडलं. नातवाने नंबर बदलला होता आणि तो नंबर आता जमाल हिंटन या शाळकरी मुलाकडे होता. संदेशात आजी म्हणून ओळख होती. जमालला आजी होतीच, त्याने “येतो” म्हटलं असतं तर गंमत कुणाच्या लक्षातही आली नसती. त्याने आधी कोण म्हणून विचारलं. “तुझी आजी,” असं उत्तर आलं. मग त्याने फोटो मागितला. फोटोतल्या बाई त्याच्या आजी नव्हत्या. त्याने स्वतःचा फोटो पाठवला, तुम्ही माझ्या आजी नाही हे सांगितलं, आणि तरी जेवायला आलो तर चालेल का म्हणून विचारलं. आजी हो म्हणाल्या. तो गेला, आणि नंतर दर वर्षी जात राहिला. २०२० मध्ये डेंच यांचे पती कोविडने गेले, तरी त्या वर्षीचं जेवण चुकलं नाही. या गोष्टीतला गोडवा सगळे सांगतात. जमालने नातं मान्य करण्याआधी दोनदा पडताळणी केली, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

पडताळणी न केल्याने काय होतं, ते जपानने पाहिलं. तिथे २००३ च्या सुमारास “ओरे ओरे” नावाच्या फसवणुकीचा बोलबाला झाला. ओरे म्हणजे मी. म्हाताऱ्या माणसाला फोन यायचा आणि घाबरलेला तरुण आवाज म्हणायचा, “मी, मी बोलतोय!” आजी विचारायची, “कोण, अमुक का?” आणि भामटा म्हणायचा, “हो, तोच.” त्याला नातवाचं नाव ठाऊकच नव्हतं, ते आजीने त्याच्या हाती ठेवलं. मग अपघात झाला, ऑफिसचे पैसे हरवले, लगेच भरायचेत. शेग्लॉफने वर्णन केलेली, नाव न सांगता आवाजावर ओळखायला लावायची साधी घरगुती सवयच इथे हत्यार झाली. आपल्याकडच्या “काका, ओळखलं नाहीत का मला?” या फोनची चालही हीच आहे, आणि त्यावरचा उताराही तोच. नाव आपण सुचवायचं नाही. “नाही ओळखलं, नाव सांग,” एवढं म्हणून गप्प बसायचं. आपला पुतण्या असेल तर रुसेल आणि नाव सांगेल. भामटा पुन्हा “अहो, आवाजावरून ओळखा ना” असं म्हणतो. पैशाची बात निघाली तर फोन ठेवून पुतण्याच्या जुन्या नंबरवर आपण होऊन लावावा, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवावं.

लिखित संदेशांत हाच डाव उलटा खेळतात. “हाय प्रिया, रविवारचं ठरलं ना?” असा संदेश येतो. प्रिया नावाचं कुणी नसतंच. “मी प्रिया नाही” असं भिडस्त उत्तर आलं की नंबर चालू आहे आणि माणूस उत्तर देणारा आहे, या दोन गोष्टी कळल्या. मग “सॉरी, पण तुम्ही किती छान बोलता” इथून मैत्री वाढवतात आणि काही आठवड्यांनी गुंतवणुकीची योजना निघते. फोनवर जिवंत माणूस वाट पाहत असतो, त्याला उत्तर देणं हा रिवाज आहे. लेखी संदेशाला तसं बंधन नाही, आणि खरा चुकलेला माणूस उत्तर आलं नाही तर दुसरीकडे विचारतोच.

आपल्या माईंकडे परत जाऊ. रमाचा घोळ उलगडल्यावर त्यांनी पोराला नंबर विचारला. त्याने दुसऱ्याच्या फोनवरून, आठवून लावला होता. त्याने म्हणून दाखवलेला नंबर माईंचा नव्हता, शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. “वेगळीकडे लागलाय बाळ, नीट बघून लाव. आणि आधी आईला फोन कर, मग जेव,” माई म्हणाल्या. फोन ठेवला तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या होत्या. दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला, पुन्हा नुसता नंबर.

“हॅलो.”

“माई, पोचलो बरं का!”

“कोण?” माईंनी विचारलं.

“म्हणजे काय? मी!”

“मी कोण? नाव सांग.”